पूर ओसरल्यावर आड कसा साफ करायचा, आणि तोवर प्यायचं काय

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ वर गेलं की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला ते ५५ फुटांच्याही वर गेलं. पाणी किती चढलं ते घरोघरी बोललं जातं. पण ते उतरल्यावर परसातल्या आडाचं काय करायचं, हे विचारलं की हातात टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची पिशवी मिळते आणि ‘टाका आडात’ एवढंच उत्तर मिळतं.

आम्हीही टाकली होती. २०१९ च्या पुरात आमचा आड कठड्यासकट बुडाला होता. पाणी उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी दोन किलो पावडर सरळ पिशवीतून आत ओतली. संध्याकाळपर्यंत परसात असा वास सुटला की आईला वाटलं, आता जंतूंची काय बिशाद! दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक आले आणि त्यांनी नळीत पाणी घेऊन क्लोरीन तपासायच्या ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळा रंग यायला हवा होता, पण पाणी होतं तसंच राहिलं. क्लोरीन शिल्लक नव्हता. ते म्हणाले, “दादा, तुम्ही जंतू मारले नाहीत, गाळाला जेवण घातलंत.”

त्या एका वाक्यात हा सगळा लेख आहे. क्लोरीन जंतू आणि चिखल यांत भेद करत नाही. पानं, शेण, कुजलेलं गवत, गाळ, जे समोर येईल त्याच्याशी तो आधी लागतो आणि तिथेच संपतो. जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून आधी गाळ बाहेर, मग पावडर आत. हा क्रम चुकला की पावडर कितीही ओता, उपयोग नाही.

आड हातात येईपर्यंत

घरी परतल्यावर आड साफ होईपर्यंत त्याचं पाणी प्यायचं नाही, त्यानं भांडी घासायची नाहीत, दातही घासायचे नाहीत. आडाच्या कठड्याला एक फडकं बांधून ठेवा, म्हणजे पाहुणा किंवा लहान पोर चुकून पोहरा सोडणार नाही. या काळात पाणी टँकरचं, छावणीत वाटलेल्या जारचं किंवा शेजारच्या न बुडालेल्या बोअरचं. शहरात नळाला पाणी लवकर येतं, पण पहिले काही दिवस त्याच्यावरही डोळे मिटून विश्वास नको. २०१९ ला शहराची उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती आणि नळ बरेच दिवस कोरडे होते. रिकाम्या पडलेल्या जलवाहिनीत सांध्यांतून गटाराचं पाणी शिरतं. म्हणून पहिलं गढूळ पाणी वाहून जाऊ द्या आणि नंतरचंही उकळून किंवा क्लोरीन घालूनच प्या. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची मोठी साथ आली होती. पाण्यातून पसरणारी कावीळ घरात शिरली की महिना-महिना माणूस उठत नाही, आणि गरोदर बाईच्या तर ती जिवावर बेतू शकते.

टँकरचं पाणी गढूळ असेल तर आधी ते निवळू द्यायचं. पिंपात पाणी भरून तुरटीचा खडा हातभर खोलीत सात-आठ वेळा गोल फिरवा आणि मग पाण्याला हात लावू नका. दोन-तीन तासांत गाळ तळाला बसतो. वरचं पाणी अलगद काढून जुन्या धुतलेल्या सुती कापडाच्या चार पदरांतून गाळा. हे झालं म्हणजे पाणी शुद्ध झालं असं समजू नका. ते फक्त दिसायला स्वच्छ झालं, म्हणजे उकळायला किंवा क्लोरीन घालायला तयार झालं.

उकळण्याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसला आहे: वीस मिनिटं उकळलं तरच पाणी शुद्ध. पुरानंतर सिलिंडर मिळत नाही आणि सरपण ओलं असतं. वीस मिनिटांच्या हट्टापायी लोक दोन दिवसांत उकळणंच सोडून देतात, असं मी बघितलंय. खरं तर भांड्यात सगळीकडून खळखळून बुडबुडे यायला लागले की तसंच एक मिनिट ठेवलं तरी जंतू मरतात. आमच्या घरी धाकधूक नको म्हणून तीन मिनिटं ठेवतात. फक्त कडेनं बारीक बुडबुडे सुटतात त्याला उकळी म्हणायचं नाही, मधोमध पाणी उसळायला हवं.

उकळलेल्या पाण्याचा खरा शत्रू त्यानंतर येतो. क्लोरीनच्या पाण्यात थोडी राखण शिल्लक असते. उकळलेल्या पाण्यात ती नसते. त्यात एक चिखलाचा हात बुडाला की सगळं मुसळ केरात. म्हणून ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून गार करा. दुसऱ्या घागरीत ओतायचं असेल तर ती घागरही उकळत्या पाण्यानं विसळलेली हवी. तांब्या बुडवून पाणी काढू नका. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा पिंप वापरा, आणि ओगराळं पिंपावर आडवं न ठेवता खिळ्याला टांगा. एका दिवसापुरतंच उकळा.

पिंपातल्या पाण्याला क्लोरीन

घरात माणसं जास्त असली आणि सगळं उकळणं जमत नसेल तर क्लोरीन. वाटलेल्या गोळ्या किंवा थेंबांची बाटली मिळाली तर तिच्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा, कारण प्रत्येकाची ताकद वेगळी असते. काहीच मिळालं नाही आणि टीसीएल पावडर आहे, तर तिचं पाणी घरी करता येतं.

ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण आपल्या हातात येईपर्यंत तो पंचवीस टक्के धरलेला बरा. हिशेब इथे त्याच आकड्यावर केला आहे. प्लास्टिकच्या डब्यात एक लिटर पाणी घ्या. ४० ग्रॅम पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घालून ढवळा आणि अर्धा तास राहू द्या. तळाला पांढरा चुना बसेल. वरचं नितळ पाणी गडद रंगाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून घ्या आणि चुना फेकून द्या. हे झालं क्लोरीनचं मूळ पाणी, साधारण एक टक्क्याचं. बाटलीवर ठळक अक्षरात ‘विष, पिऊ नये’ लिहा आणि ती पोरांच्या हाताला येणार नाही अशा अंधाऱ्या जागी ठेवा. आठवड्यानं ती कमजोर होते, तेव्हा नवीन करा.

आता हे मूळ पाणी निवळलेल्या पाण्यात किती घालायचं? वीस लिटरच्या जारला एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिली. दोनशे लिटरच्या पिंपाला दहा चमचे. गाळूनही पाण्याला थोडा रंग राहिला असेल तर दुप्पट. ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. थंडी असेल किंवा पाणी नीट निवळलं नसेल तर तासभर. शेवटी वास घ्या. अगदी पुसट क्लोरीनचा वास यायला हवा. वास अजिबात नसेल तर पुन्हा तेवढंच घालून अर्धा तास थांबा. दुसऱ्या खेपेलाही वास आला नाही तर पाण्यातच काही खोट आहे, ते पिण्याला वापरू नका. वास फार उग्र आला तर भांडं उघडं ठेवून दोन-चार तास जाऊ द्या.

आमच्याकडे आजीची पितळी घागर आहे, तिच्यातलं पाणी तिला गोड लागतं. या दिवसांत ती घागर बाजूला ठेवावी लागते. तांब्या-पितळेला क्लोरीन खातो, आणि खाता खाता स्वतःही संपतो. प्लास्टिकचं भांडं किंवा माठ बरा.

तान्ह्या बाळाला, आणि जुलाब लागलेल्या माणसाला, क्लोरीनचं पाणीसुद्धा उकळूनच द्या. काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, उकळीला मात्र देतात.

आडाला हात कधी लावायचा

इथे सगळे घाई करतात आणि इथेच माणसं मरतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पूर उतरला तरी जमीन उतरलेली नसते. आपल्या नदीकाठच्या काळ्या मातीत पाणी मुरून बसतं आणि आडाच्या बांधकामाला बाहेरून दाब देत राहतं. आतलं पाणी त्या दाबाला तोलून धरतं. तुम्ही मोटर लावून आतलं पाणी एका तासात उपसलंत तर बाहेरचा दाब एकटाच उरतो आणि दगडी बांधकाम आत येतं. सिमेंटच्या कड्याही तिरक्या होतात.

कधी उपसायचं ते आडच सांगतो. दोरीला दगड बांधून सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी मोजा आणि दोरीला गाठ मारून ठेवा. पातळी आपोआप खाली जात असते. ती दोन दिवस एका गाठीवर थांबली, की जमीनही निथळली असं समजायचं. नदीपासून जवळच्या आडाला हे व्हायला आठवड्याहून जास्त लागतं.

त्याआधी एक काम करून घ्या. आडावर वाकून वास घ्या आणि बादलीभर पाणी उन्हात बघा. डिझेलचा तवंग, कीटकनाशकाचा वास किंवा औषधाच्या दुकानासारखा उग्र दर्प असेल तर इथेच थांबा. रॉकेल, डिझेल किंवा फवारणीचं औषध ना उकळून जातं, ना क्लोरीननं. असा आड पिण्याला बंद करायचा आणि आरोग्य केंद्रामार्फत पाणी प्रयोगशाळेत पाठवायचं. मेलेलं जनावर आत असेल तर मात्र आड कायमचा गेला असं नाही. ते बाहेर काढून पुढची सफाई दोनदा करायची.

मोटरीची पेटी पाण्यात होती, तर वायरमननं तपासल्याशिवाय बटण दाबू नका. आणि डिझेल इंजिन आडात उतरवू नका, ते कठड्यापासून लांबच ठेवा. त्याचा धूर खाली साठतो आणि उतरणाऱ्याला कळतही नाही.

गाळ काढणे

आमच्या आडाचं उदाहरण घेऊ, कारण त्याचे आकडे मला पाठ आहेत. २०२१ ला पूर उतरल्यावर आम्ही बारा दिवस थांबलो. आड गोल, आतून पाच फूट रुंद, आणि तेव्हा पाणी बावीस फूट होतं.

मड पंप भाड्यानं आणला. पहिल्या दिवशी चार फूट उपसलं आणि दोन तास बंद केलं. टॉर्चनं आतल्या भिंतीवरून नजर फिरवली. दगडांच्या फटींतून नुसतं पाणी पाझरत असेल तर ठीक. मातीमिश्रित पाण्याच्या चिळकांड्या येत असतील, दगड निखळत असतील किंवा कठड्याभोवती जमिनीला भेग गेली असेल तर पंप बंद करून पाणी परत चढू द्यायचं आणि गवंड्याला बोलवायचं. आमच्या भिंतीतून फक्त पाझर होता. असं चार-चार फूट करत दोन दिवसांत तळाशी आलो. उपसलेलं पाणी आडाजवळच सोडू नका, ते मुरून परत आत येतं. लांब शेताच्या कडेला पाइप न्या.

तळाला गुडघाभर लगदा होता. त्यात पानं, प्लास्टिक, कुणाची तरी चप्पल आणि एक अख्खा नारळ होता. हे काढायला माणूस उतरावा लागतो की नाही, हा पहिला प्रश्न. आम्ही नारळाच्या दोरीला लोखंडी गळ आणि पाटी बांधून जमेल तेवढं वरूनच काढलं, आणि पुन्हा पुन्हा पाणी मारून लगदा पंपानं ओढला. अरुंद आडाला हे बहुतेक वेळा पुरतं.

उतरावंच लागलं तर ते रोजचं काम करणाऱ्या, सरावाच्या माणसाचंच काम आहे. कुजणाऱ्या गाळातून असे वायू निघतात की खाली गेलेला माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो. कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघायची आपली जुनी पद्धत आहे. ज्योत विझली तर उतरायचं नाही, हे बरोबर. पण ज्योत जळत राहिली म्हणजे आत विषारी वायू नाही, असं नसतं. आणि कुजण्यातून पेट घेणारा वायूही निघतो, म्हणून मी ज्योत सोडूच नका असं सांगतो. कामाआधी तासभर पंख्यानं किंवा ब्लोअरनं वरून हवा सोडा. उतरणाऱ्याच्या काखेतून दोर बांधलेला हवा आणि वर दोन धडधाकट माणसं तो धरून उभी हवीत. तो बोलायचा थांबला की दोर ओढायचा. त्याला वाचवायला दुसऱ्यानं उडी मारायची नाही. एकामागून एक उतरून गेलेल्यांच्या बातम्या दर वर्षी येतात.

गाळ निघाला की भिंती. मघाशी सांगितलेलं मूळ पाणी बादलीत पाचपट पाण्यात मिसळून लांब दांड्याच्या खराट्यानं भिंती वरून खाली घासा. शेवाळ आणि चिखलाचा थर राहिला तर क्लोरीन पुन्हा त्यालाच खाऊ घातला जातो. कठडा, रहाट, दोर आणि पोहराही धुवा. दोर सडका असेल तर नवा घ्या. मग घाण पाणी पुन्हा उपसून टाका आणि आडाला एक रात्र भरू द्या.

आता पावडर

सकाळी आमच्या आडात दहा फूट पाणी आलं होतं. आता ते किती लिटर हे काढायचं. फुटांत मोजलं तर हिशेब सोपा आहे: रुंदी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची खोली, आणि त्याला २२ नं गुणायचं. आमचा हिशेब ५ × ५ × १० × २२, म्हणजे ५,५०० लिटर. रुंदी आतल्या बाजूनं मोजा, आणि खोली दगड बांधलेल्या दोरीच्या भिजलेल्या भागावरून.

पुरानंतरच्या पहिल्या जबर मात्रेला दर हजार लिटरला २०० ग्रॅम पावडर लागते. ५,५०० लिटरला ती १,१०० ग्रॅम झाली. आता मजा बघा. उपसा न करता बावीस फूट पाण्यावर मारा केला असता तर १२,१०० लिटरला जवळजवळ अडीच किलो लागली असती, आणि तीही गाळानं खाल्ली असती.

पावडर बघून घ्या. कोरडी, पांढरी आणि डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वासाची असेल तर चांगली. गुठळ्या झालेल्या आणि वास गेलेल्या पावडरीत चुना तेवढा उरलेला असतो. २०२१ ला आमच्याकडे २०१९ चं अर्धं पोतं शिल्लक होतं, पावसाळी हवेत तोंड नीट न बांधलेलं. कोंबडीच्या खुराड्याभोवती टाकण्यापलीकडे त्याचा उपयोग झाला नाही.

पावडर सरळ आडात टाकायची नाही. तिच्यातला चुना तळाला बसतो आणि पाणी जड होतं. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. आधी पेस्ट करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या आणि चुना खड्ड्यात टाका. आम्ही अशा अकरा बादल्या केल्या. वाऱ्याला पाठ करून उभं राहा, तोंडाला ओला रुमाल आणि हातात रबरी मोजे. शेजारी संडास धुवायचं ॲसिड ठेवू नका. ते पावडरीत सांडलं तर निघणारा वायू छाती जाळतो.

पहिल्या दोन बादल्यांचं पाणी भिंतीवरून गोल फिरवत सोडा, म्हणजे पाण्याच्या वरची भिंतही भिजेल. बाकीच्या बादल्या दोरानं पाण्याखाली नेऊन वर-खाली हिसके द्या, म्हणजे क्लोरीन तळापर्यंत मिसळतो. नुसतं वर ओतलेलं वरच राहतं. मोटर असेल तर ती चालवून घरातल्या प्रत्येक तोटीला वास येईपर्यंत पाणी सोडा आणि मग तोट्या बंद करा. पाइपातला चिखलही तेव्हाच धुतला जातो.

यानंतर बारा तास आड बंद. जनावरांनाही ते पाणी नको. आम्ही दुपारी तीनला मारा केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं. वास जोरदार होता. हीच खूण हवी. वास नाहीसा झाला असेल तर आत अजून घाण आहे, पुन्हा गाळापासून सुरुवात. मग हे पाणी उपसून टाकायचं, पण भाजीच्या वाफ्यात, तळ्यात किंवा ओढ्यात नाही. ते मोकळ्या जागेवर सोडा. ताजं पाणी भरलं की ओटी.

ओटी कशी बघायची

ओटीची छोटी पेटी ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य सेवकाकडे असते. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, पेटीवर लिहिलेत तेवढे थेंब टाका आणि लगेच रंग पट्टीशी जुळवून बघा. दोन-पाच मिनिटांनी बघाल तर रंग खोटा गडद होतो. फिकट पिवळा हवा. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. नारिंगी-तपकिरी आला तर जास्त आहे, आणखी उपसा. नळीतलं पाणी मोरीत ओता. ते पिण्याच्या पाण्यात परत जाता कामा नये, ओटी विषारी आहे.

आता रोजची मात्रा. दर हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे आमच्या ५,५०० लिटरला साधारण २८ ग्रॅम. किराणा दुकानदाराकडून २८-२८ ग्रॅमच्या पुड्या बांधून घेतल्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवल्या. रात्री सगळ्यांचं पाणी भरून झालं की एक पुडी बादलीत कालवून, नितळ पाणी आडात. निदान एक तास तरी उपसा नको. सकाळी ओटी फिकट पिवळी दाखवते की नाही ते बघा आणि त्याप्रमाणे पुडी लहान-मोठी करा. माझ्या मते पूर गेल्यावर दोन महिने हे सोडू नये. पहिल्या महिन्यात तर ओटी पिवळी असली तरी प्यायचं पाणी आम्ही उकळतच होतो.

जंतूंची खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते. ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवा. निर्जंतुक बाटली तिकडूनच घ्या, घरची नको. क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी त्या बाटलीत क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं. नमुना वाईट आला तर जबर मात्रा पुन्हा एकदा. दोनदा करूनही वाईट आला तर आड बाहेरून घाण होतोय, पावडरीनं ते थांबणार नाही. शोषखड्डा किंवा संडास पन्नास फुटांच्या आत आहे का, वरच्या दगडांतली फट उघडी आहे का, कठड्याभोवतीचा ओटा फुटून पाणी मुरतंय का, ते बघा. आमच्या आडाला हेच निघालं. ओट्याला पूर्वेकडे तडा होता आणि म्हशीचं मूत सरळ आत जात होतं. गवंड्यानं तो सिमेंटनं भरला, म्हैस पलीकडे बांधली आणि तिसरा नमुना चांगला आला.

शहरातल्या वाचकांसाठी एवढंच. तुमच्या इमारतीखालची टाकी बुडाली असेल तर ती लहान आडच समजा. उपसा, गाळ, घासणी, मग हजार लिटरला २०० ग्रॅम, बारा तास, ओतून देणे, ओटी. दोन हजार लिटरच्या टाकीला ४०० ग्रॅम लागते. बंद टाकीत उतरण्याचा धोका आडाइतकाच आहे. आणि घरातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र पुरात बुडालं असेल तर त्याचे आतले फिल्टर धुऊन वापरू नका, बदला.